इंडेक्सिंग टेबलची थरथर: गेन वाढवला की घुमतं, कमी केला की झुलतं

ही तक्रार ठरावीक काळाने परत येते. मशीन नवीन असताना कोणीतरी ट्यूनिंग करून गेलेला असतो. काही महिने बरे जातात, मग एके दिवशी टेबल जागेवर उभं असतानाच मोटरमधून घुंऽऽ असा आवाज सुरू होतो. मेंटेनन्सवाला व्हेलॉसिटी गेन कमी करतो, आवाज थांबतो. पण आता टेबल स्टेशनवर पोचल्यावर डुलतं, 'इन पोझिशन' सिग्नल उशिरा येतो आणि सायकल टाइम वाढतो. प्रॉडक्शनवाले ओरडले की कोणीतरी गेन पुन्हा वाढवतो. हा झोपाळा थांबवायचा असेल तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते: बऱ्याच वेळा दोन टोकांच्या मध्ये चालणारा गेन अस्तित्वातच नसतो, कारण गिअरबॉक्सचा रेशो चुकलेला असतो.

भोसरीतल्या एका छोट्या असेंब्ली लाइनवरचं उदाहरण घेतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

मशीन काय आहे

अ‍ॅल्युमिनियमची गोल डिस्क, व्यास ६०० मिमी, जाडी २० मिमी. तिच्यावर २५० मिमी त्रिज्येवर आठ फिक्स्चर, प्रत्येकी ३ किलो. टेबल स्वतःच्या बेअरिंगवर बसलेलं आहे आणि खालून ९० मिमी फ्रेमचा प्लॅनेटरी गिअरबॉक्स, रेशो १:२०. मोटर ७५० वॉटची, रेटेड टॉर्क २.३९ न्यूटन-मीटर, रोटरचा इनर्शिया सुमारे १.० × १०⁻⁴ किग्रॅ·मी². काम एवढंच की ४५ अंश फिरायचं, अर्ध्या सेकंदात.

इनर्शियाचा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. डिस्कचं वजन साधारण १५.३ किलो, तिचा इनर्शिया ०.६९. फिक्स्चरचा हिशेब वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे २४ × ०.०६२५ = १.५. एकूण २.१९ किग्रॅ·मी². लक्षात घ्या, डिस्कपेक्षा फिक्स्चरचा वाटा दुप्पट आहे. त्रिज्येचा वर्ग येत असल्याने बाहेरच्या कडेवरचा प्रत्येक किलो महाग पडतो. म्हणूनच फिक्स्चर बदलले की जुनं ट्यूनिंग निकामी होतं.

मोटरला हा इनर्शिया रेशोच्या वर्गाने भागून दिसतो:

```
J_reflected = J_load / i^2
1:20  ->  2.19 / 400  = 54.7e-4   -> R = 55
1:50  ->  2.19 / 2500 =  8.8e-4   -> R = 8.8
```

R म्हणजे मोटरला दिसणारा लोडचा इनर्शिया भागिले मोटरचा स्वतःचा. इथे तो ५५ निघाला.

आता मजा बघा. हे मशीन डिझाइन करणाऱ्याने टॉर्क तपासला होता आणि तो बरोबरच होता. एक तृतीयांश वेळ वेग वाढवणं, एक तृतीयांश सरळ, एक तृतीयांश कमी करणं असा प्रोफाइल घेतला तर टेबलाचा सर्वोच्च वेग २२.५ आरपीएम आणि प्रवेग १४.१ रेडियन/सेकंद² येतो. त्यासाठी टेबलाला ३१ न्यूटन-मीटर लागतात. १:२० मधून आणि ९० टक्के कार्यक्षमता धरून मोटरवर ते १.७५ न्यूटन-मीटर होतात. रेटेडच्या पाऊण भागाच्या आत! कागदावर मोटर आरामात पास. म्हणून कोणाला शंका आली नाही, आणि मग ड्राइव्हवर, मोटरवर, केबलवर संशय घेत बसले. आवाज ऐकून मोटरचं बेअरिंगसुद्धा एकदा बदललं गेलं होतं.

आधी ओळखा, कंपन कोणतं आहे

गेनला हात लावण्याआधी हे ठरवा. माझ्या अनुभवात निम्मा वेळ इथेच वाचतो.

पहिली चाचणी वेगाची. जॉग मोडमध्ये टेबल सावकाश फिरवा, मग दुप्पट वेगाने. थरथरीची वारंवारता वेगाबरोबर दुप्पट झाली, तर ती यांत्रिक आहे: गिअरचे दात, वाकडी शाफ्ट, खराब बेअरिंग. तिथे ट्यूनिंगने काही होणार नाही. वेग बदलूनही वारंवारता तीच राहिली, तर ती लूपची किंवा मशीनच्या नैसर्गिक वारंवारतेची आहे.

दुसरी गोष्ट, ती वारंवारता मोजा. ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस असतो; त्यावर टॉर्क रेफरन्स लावा आणि शिखरं मोजा. ५० मिलिसेकंदांत दहा शिखरं दिसली तर २०० हर्ट्झ. या टेबलवर तीन वेगवेगळी कंपनं वेगवेगळ्या वेळी दिसत होती, आणि लोक तिघांनाही 'व्हायब्रेशन' याच एका नावाने हाक मारत होते.

उभ्या टेबलावरचं घुं हे शंभर-दोनशे हर्ट्झच्या पट्ट्यातलं होतं. ते स्पष्ट ऐकू येतं, मोटर गरम होते, टेबल मात्र हलताना दिसत नाही.

थांबल्यानंतरचा डोल सुमारे २० हर्ट्झचा होता. हा मोटरच्या एन्कोडरवर जवळजवळ दिसतच नाही, कारण मोटर जागेवर घट्ट उभी असते आणि पुढे टेबल स्प्रिंगवर असल्यासारखं हलत राहतं. ड्राइव्हच्या स्क्रीनवर पोझिशन एरर शून्य आणि समोर ग्रिपरचा पार्टवर नेम चुकतोय, असं चित्र असेल तर हाच प्रकार. मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. फिक्स्चरची कड एका झोक्याला साधारण बारा फ्रेम घेत असेल तर २० हर्ट्झ.

तिसरा प्रकार मंद हेलकाव्याचा, सेकंदाला चार-पाच वेळा, आणि तो अख्ख्या टेबलाचा असतो. हा पॅरामीटर रीसेट झाल्यावर किंवा ड्राइव्ह बदलल्यावर दिसतो.

मंद हेलकावा: सगळ्यात सोपा, म्हणून आधी

ड्राइव्हमध्ये इनर्शिया रेशोचा एक पॅरामीटर असतो. यास्कावामध्ये `Pn103`, डेल्टाच्या ए-टू मालिकेत `P1-37`, मित्सुबिशी जे-फोरमध्ये `PB06`. यास्कावात तो टक्क्यांत भरतात आणि कारखान्याहून १०० येतो, म्हणजे लोड मोटरएवढाच आहे असं गृहीत. व्हेलॉसिटी लूप गेन `Pn100` हर्ट्झमध्ये असतो, मूळ किंमत ४०. पण तो ४० हर्ट्झ खरा केव्हा? `Pn103` खरा असेल तेव्हाच.

आपल्या टेबलला ५५ पट लोड आहे आणि ड्राइव्हला वाटतंय एक पट. मग प्रत्यक्षात मिळणारा गेन ४० × २ ÷ ५६, जेमतेम दीड हर्ट्झ. इंटिग्रल टाइम मात्र २० मिलिसेकंदांचाच आणि पोझिशन गेन ४० चाच राहिला. हे दोन्ही आकडे ४० हर्ट्झच्या चपळ लूपसाठी आहेत. दीड हर्ट्झच्या सुस्त लूपला ते अजिबात झेपत नाहीत. बाहेरचा लूप ढकलतो, आतला लूप पोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते, आणि हेलकावे वाढत जातात.

इथे लोक आंधळेपणाने `Pn100` वाढवत नेतात. हेलकावे थांबतात खरे, पण आता तो आकडा कशाचाच द्योतक राहत नाही आणि पुढच्या माणसाला काही कळत नाही. आधी रेशो बरोबर भरा, मग गेनकडे वळा.

रेशो काढायला ऑटो एस्टिमेशन वापरलं तरी एकदा हाताने पडताळून पाहा. बॅकलॅश असेल किंवा प्रवेग फार कमी असेल तर ड्राइव्हचा अंदाज दर वेळी वेगळा येतो. हाताची पद्धत सोपी आहे. नेहमीची इंडेक्स चाल चालवून टॉर्कचा ट्रेस घ्या. वेग वाढताना +७८ टक्के आणि कमी होताना −६२ टक्के दिसले, तर घर्षण एकीकडे वाढतं आणि दुसरीकडे घटतं. म्हणून चिन्ह सोडून दोन्हींची सरासरी घ्या: ७० टक्के, म्हणजे १.६७ न्यूटन-मीटर. मोटरचा प्रवेग टेबलाच्या वीसपट, २८३ रेडियन/सेकंद². भागाकार ५९ × १०⁻⁴, त्यातून मोटरचा १ वजा केला की ५८. कागदावर ५५ आला होता. मधला हब, बोल्ट, गिअरबॉक्सचा स्वतःचा इनर्शिया धरला तर हा फरक ठीक आहे. दुप्पट फरक आला असता तर कागदावरचा हिशेब किंवा गिअरबॉक्सची पाटी पुन्हा तपासावी लागली असती.

घुं का होतं

आता मुख्य मुद्दा. इनर्शिया रेशो ५ किंवा १० च्या आत ठेवा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो का, हे फार कमी जणांना माहीत असतं. त्यामुळे एक तर तो डोळे मिटून पाळला जातो, नाहीतर 'ड्राइव्ह आजकाल ३० पटही झेलतात' म्हणून सोडून दिला जातो.

मोटर आणि टेबल यांच्यामध्ये गिअरबॉक्स आहे. त्याला थोडी लवचीकता आहे आणि दातांमध्ये थोडा प्ले. उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरची हुकातली पिन सैल असते, तसंच. पिन ताणलेली असताना ट्रॅक्टरला पूर्ण ट्रॉलीचं ओझं जाणवतं. पिन सैल पडली की त्या क्षणी तो रिकामा असतो, आणि ड्रायव्हरने तेच अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवलं असेल तर ट्रॅक्टर उडी मारतो.

ड्राइव्हचा गेन मोटर अधिक टेबल अशा एकूण इनर्शियासाठी लावलेला असतो. मंद हालचालीला हा हिशेब बरोबर बसतो. पण वेगवान थरथरीला टेबल साथ देत नाही, गिअरबॉक्सची लवचीकता मधल्या मध्ये ती गिळते, आणि मोटर एकटी हलते. तसंच बॅकलॅशच्या मोकळ्या जागेत असताना. त्या क्षणी ड्राइव्हसमोर फक्त मोटरचा छोटासा रोटर असतो आणि गेन मात्र छप्पन्नपट वजनासाठी लावलेला. म्हणजे लूपचा खरा गेन १ + R पटीने उसळतो.

`Pn103` बरोबर भरून `Pn100` ४० वर ठेवला तर मोटर एकटी असताना लूप ४० × ५६ = २,२४० हर्ट्झचा होतो. करंट लूपचा उशीर, टॉर्क फिल्टरचा उशीर, वेग मोजण्यातला उशीर हे सगळे मिळून अशा लूपला स्थिर राहू देणार नाहीत. मोटर दाताच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर टकटक करत राहते आणि तेच आपल्याला घुं म्हणून ऐकू येतं. उभ्या टेबलावर आवाज जास्त का, याचंही उत्तर यातच आहे: फिरताना घर्षण आणि प्रवेग दात एका बाजूला दाबून ठेवतात, थांबल्यावर दात मोकळे होतात.

आणि तक्रार काही महिन्यांनीच का परत येते? गिअरबॉक्स झिजतो, प्ले वाढतो. नवीन असताना मोकळी जागा इतकी लहान असते की घर्षणाने ही टकटक दबून राहते. मोटर शाफ्टवरचा क्लॅम्प स्क्रू थोडा सैल झाला तरी हाच परिणाम. म्हणून नव्याने घुं सुरू झालेल्या मशीनवर पॅरामीटर उघडण्याआधी तो क्लॅम्प टॉर्क रेंचने तपासा.

अशा गिअरबॉक्सवर एकट्या मोटरचा लूप साधारण ३०० हर्ट्झच्या आत राहिला तर शांत चालतो, हा माझा काम चालवण्यापुरता आकडा. त्या हिशेबाने:

```
Kv_max = 300 / (1 + R)
R = 55   ->  5.4 Hz
R = 8.8  ->  31 Hz
```

नॉच फिल्टरने हे सुटेल का? एखाद्या ठिकाणी पक्की वारंवारता असेल, समजा लांब बॉल स्क्रू किंवा बेल्टवर, तर नॉच छान काम करतो. इथे तो लावला की आवाज त्या वारंवारतेवरून हटतो आणि बाजूला दुसरीकडे सुरू होतो, कारण दोष एका शिखराचा नसून सगळ्याच वरच्या पट्ट्यातल्या जास्तीच्या गेनचा आहे. टॉर्क फिल्टर वाढवणंही उलटं पडू शकतं. १ मिलिसेकंदाचा फिल्टर १५९ हर्ट्झपासून कापायला लागतो, पण उशीरही वाढवतो; आवाजाचा सूर खाली येतो आणि लोकांना सुधारणा झाल्यासारखं वाटतं.

डोल का होतो

मोटर जागेवर घट्ट धरली असं समजा. पुढे टेबल गिअरबॉक्सच्या लवचीकतेवर डुलणार. ती वारंवारता फक्त ताठपणा आणि टेबलाचा इनर्शिया यांवर ठरते:

```
f_ar = (1 / (2*pi)) * sqrt(K / J_load)
```

या मापाच्या गिअरबॉक्सचा ताठपणा धरला १० न्यूटन-मीटर प्रति आर्क-मिनिट, म्हणजे सुमारे ३४,४०० न्यूटन-मीटर प्रति रेडियन. उत्तर २० हर्ट्झ.

कॅटलॉगवर विश्वास नसेल तर मोजता येतो. सर्वो ऑन ठेवून टेबलाला अर्धा मीटरची काठी बांधा, स्प्रिंग काट्याने टोकाला ५ किलो आणि मग १० किलो ओढा, आणि २५० मिमी त्रिज्येवर डायल गेज लावा. दोन्ही वाचनांतला फरक घ्या, म्हणजे बॅकलॅश आपोआप वगळला जातो. इथे फरक साधारण ०.१८ मिमी यायला हवा. ओढणं थोडक्यात आटपा, १० किलोला मोटर रेटेड टॉर्कला पोचलेली असते. ही चाचणी करताना कोणाचा हात पार्टच्या मध्ये नको आणि टेबलच्या फिरण्याच्या वाटेत काठी कशाला अडकेल असं काही नको.

आता नीट वाचा, कारण इथे आपली सवय आड येते. डोल दिसला की आपण गेन वाढवून टेबल 'टाइट' करायला जातो. मोटर जितकी ताठ, तितका डोल जास्त वेळ टिकतो. डोल शमवण्याचं काम मोटरनेच करायचं असतं, थोडं देऊन, शॉक अब्सॉर्बरसारखं. ती अगदी दगड झाली तर ऊर्जा शोषणारं कोणी उरत नाही. लोड मोटरपेक्षा बराच मोठा असेल तर हिशेब ढोबळमानाने असा बसतो की डोलाचं डॅम्पिंग म्हणजे f_ar भागिले व्हेलॉसिटी गेनची दुप्पट. गेन ४० हर्ट्झ ठेवला तर डॅम्पिंग ०.२५, टेबल चार-पाच झोके घेणार. २० ला ०.५. १५ ला ०.६६, जवळपास एका झोक्यात शांत. १० ला १.

म्हणजे या टेबलला हवा असलेला गेन १० ते २० हर्ट्झच्या दरम्यानचा. आणि घुं न होता मिळणारा जास्तीत जास्त गेन? १:२० वर ५.४. दोन्ही पट्टे एकमेकांना भेटतच नाहीत. पाचवर चालवलं तर पोझिशन गेन ८ च्या आसपास ठेवावा लागतो आणि स्थिर व्हायला जवळपास अर्धा सेकंद लागतो, म्हणजे इंडेक्सला जितका वेळ तितकाच थांबण्याला. या मशीनवरचं वर-खाली कधी न संपण्याचं कारण हेच होतं.

उपाय: रेशो बदला

वेगाची बाजू पाहा. टेबलला फक्त २२.५ आरपीएम हवेत. १:२० वर मोटर ४५० आरपीएमला फिरत होती, ३००० ची मोटर! इतका वेग शिल्लक असणं हीच रेशो चुकल्याची सगळ्यात सोपी खूण. १:५० केलं की मोटर ११२५ आरपीएमला, टॉर्क ०.७६ न्यूटन-मीटर, R ८.८. तीच फ्रेम, तीच मोटर, बहुधा तीच अ‍ॅडॉप्टर प्लेट.

एक गैरसमज इथेच दूर करतो. रेशो वाढवल्याने २० हर्ट्झचा डोल बदलत नाही, कारण तो गिअरबॉक्सच्या आउटपुट बाजूच्या ताठपणावर आहे. बदलतो तो गेनचा उसळा: छप्पन्नपटींवरून दहापटींच्या खाली. बॅकलॅशही रेशोने कमी होत नाही. ५ आर्क-मिनिट म्हणजे २५० मिमी त्रिज्येवर ०.३६ मिमी, मग रेशो काहीही असो. तेवढा प्ले प्रक्रियेला चालत नसेल तर कमी बॅकलॅशचा गिअरबॉक्स किंवा स्टेशनवर लोकेटिंग पिन, दुसरा मार्ग नाही.

१:१०० का नको? R २.२ होतो, मोटर २२५० आरपीएमला जाते, चालू शकतं. पण त्याच फ्रेममध्ये शंभरच्या रेशोला परवानगी असलेला आउटपुट टॉर्क बऱ्याचदा कमी असतो, आणि त्याच वेळी मोटरची ताकद तिथे दुप्पट होऊन पोचते. १:५० वरच मोटरचा तिप्पट टॉर्क आउटपुटला ३२० न्यूटन-मीटर होतो. टेबल कशाला अडकलं तर गिअरचे दात आधी जातील, ड्राइव्हचा अलार्म नंतर येईल. म्हणून रेशो बदलला त्याच दिवशी टॉर्क लिमिट लावा. यास्कावात `Pn402` आणि `Pn403`. गिअरबॉक्सच्या इमर्जन्सी टॉर्कच्या आत बसेल एवढं.

रेशो बदलता येत नसेल, समजा वेग शिल्लक नाही, तर जास्त इनर्शियाच्या रोटरची मोटर घ्या. त्याच पॉवरमध्ये मध्यम आणि जास्त इनर्शियाच्या मालिका मिळतात. फ्लायव्हील लावल्यासारखा तो उपाय आहे, टॉर्क थोडा वाया जातो, पण R निम्मा-पाव होतो.

आणि R ५५ नेहमीच वाईट असतो असंही नाही. डायरेक्ट ड्राइव्ह टेबलमध्ये R शेकड्यांत असूनही काही बिघडत नाही, कारण मध्ये गिअरबॉक्सच नसतो आणि लोड मोटरला सोडून जात नाही. इनर्शिया रेशोचा आकडा कपलिंग किती ताठ आहे याच्याशिवाय अर्धवट आहे.

नवीन गिअरबॉक्सवर ट्यूनिंग

ऑटो ट्यूनिंग आणि ट्यूनिंगलेस फंक्शन दोन्ही बंद करा, नाहीतर तुम्ही भरलेले आकडे पाठीमागून बदलत राहतात किंवा लागूच होत नाहीत. `Pn103` मध्ये ८८० भरा. फिक्स्चरवर पार्ट असतानाचा आकडा घ्यायचा की रिकाम्याचा? प्रत्येकी एक किलोचे पार्ट आले तर इनर्शिया २.१९ वरून २.६९ होतो, तेवीस टक्क्यांचा फरक. कमीचा आकडा भरा. टेबल भरल्यावर लूप थोडा मंदावेल, पण घुमणार नाही.

मग व्हेलॉसिटी गेन १५ हर्ट्झ. बाकीचे तीन आकडे त्याच्यावरून निघतात. पोझिशन गेन २π × १५ ÷ ४, म्हणजे २३ च्या आत, आपण २० ठेवतो. इंटिग्रल टाइम ४००० ÷ (२π × १५), म्हणजे ४२ मिलिसेकंद किंवा जास्त, आपण ५०. टॉर्क फिल्टर ०.५ मिलिसेकंद, चारपटीचा नियम जास्त देऊ करतो, पण वर सांगितलेल्या उशिरामुळे मी कमीच ठेवतो.

```
Pn103 = 880     (%)
Pn100 = 150     (0.1 Hz)
Pn102 = 200     (0.1 /s)
Pn101 = 5000    (0.01 ms)
Pn401 = 50      (0.01 ms)
```

एककं बघून भरा. १५ हर्ट्झसाठी १५० भरायचे असतात. १५ भरले तर दीड हर्ट्झ होतो आणि मंद हेलकावा परत येतो.

आता पोझिशन गेन न वाढवता `Pn100` हळूहळू वर न्या, टेबल उभं असताना. घुं सुरू होईल तो आकडा लिहून ठेवा आणि त्याच्या साठ टक्क्यांच्या वर कामाचा गेन ठेवू नका. आमच्या हिशेबाने मर्यादा ३० च्या आसपास यायला हवी. ती १८-२० लाच आली तर गिअरबॉक्सचा प्ले किंवा क्लॅम्प पुन्हा पाहा, मशीन काहीतरी सांगतंय.

पोझिशन गेन २० कमी वाटतो, आणि पळताना एरर दिसतोही: सर्वोच्च वेगाला सुमारे ६.७ अंश मागे. त्यासाठी गेन वाढवू नका, व्हेलॉसिटी फीडफॉरवर्ड द्या, `Pn109` ७०-८० टक्के. मागे राहणं दीड-दोन अंशांवर येतं आणि लूपच्या स्थिरतेला धक्का लागत नाही. शंभर टक्के दिलं तर थांबताना पुढे जाऊन मागे येतं.

उरलेला थोडा डोल कमांडमध्येच मारता येतो. २० हर्ट्झचा एक झोका ५० मिलिसेकंदांचा. कमांडला तेवढ्याच लांबीचा सरासरी फिल्टर लावला तर त्या वारंवारतेची ऊर्जा टेबलापर्यंत जातच नाही. यास्कावात `Pn217`, ०.१ मिलिसेकंदाच्या एककात, म्हणजे ५००. पीएलसीमधून प्रोफाइल देत असाल तर एस-कर्व्हचा वेळ ५० ठेवा, परिणाम तोच. किंमत एवढीच की चाल ५० मिलिसेकंदांनी लांबते, ते प्रोफाइलमध्ये आधी वळतं करा. हा फिल्टर चालू स्थितीत बदलू नका, टेबल उडी मारू शकतं.

इंडेक्स ०.३५ सेकंदात हवं असेल तर

हा प्रश्न मशीन शांत झालं की लगेच येतो. टॉर्क दुप्पट होऊन दीड न्यूटन-मीटर, मोटर १६०० आरपीएम, दोन्ही बसतात. अडतो तो डोल: २० हर्ट्झ जागचा हलत नाही, आणि झोक्याचे ५० मिलिसेकंद आता इंडेक्सच्या सातव्या हिश्श्याएवढे झालेले असतात. गेनमध्ये याचं उत्तर नाही. एक तर १२० मिमी फ्रेमचा गिअरबॉक्स घ्या. ताठपणा अडीचपट मिळाला तर डोल ३१-३२ हर्ट्झवर जातो आणि गेन २० च्या पुढे नेता येतो. नाहीतर कडेवरचे फिक्स्चर हलके करा. ३ किलोचे स्टीलचे फिक्स्चर अ‍ॅल्युमिनियमचे करून दीड किलोवर आणले तर टेबलाचा इनर्शिया १.४४ वर येतो, डोल २४-२५ हर्ट्झ, R सहाच्या खाली. फिक्स्चर बदलले की `Pn103` मध्ये ५८० भरून `Pn100` ची मर्यादा नव्याने मोजायची.